णमोकार मंत्रात कुणाचंच नाव का नाही?

णमो अरिहंताणं
णमो सिद्धाणं
णमो आयरियाणं
णमो उवज्झायाणं
णमो लोए सव्वसाहूणं

जैन घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर पडणाऱ्या या बहुधा पहिल्याच ओळी असतात. भाषा प्राकृत. अर्थ सांगायचा तर पाच वाक्यांत संपतो: अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना नमस्कार, आचार्यांना नमस्कार, उपाध्यायांना नमस्कार, लोकातल्या सर्व साधूंना नमस्कार. पण एवढं ऐकून कुणाचंच समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. ठाण्यात आमच्या सोसायटीत जैनेतर शेजारी बरेच आहेत. महावीर जयंतीची मिरवणूक पाहून आल्यावर त्यांच्यापैकी एका काकांनी नेमका प्रश्न विचारला होता: "तुमचे देव महावीर ना? मग तुमच्या सगळ्यात मोठ्या मंत्रात त्यांचं नाव कुठे आहे?"

नाव नाही. महावीरांचं नाही, ऋषभदेवांचं नाही, पार्श्वनाथांचं नाही. चोवीस तीर्थंकरांपैकी एकाचंही नाही. हा मंत्र व्यक्तींना वंदन करत नाही. आत्मा ज्या पाच अवस्थांत पूज्य होतो, त्या अवस्थांना तो वंदन करतो. त्या पाचांना मिळून पंचपरमेष्ठी म्हणतात, म्हणजे परम पदावर असलेले पाच. एकदा हे ध्यानात घेतलं की मंत्रातली प्रत्येक ओळ उलगडते. ते उलगडायला महावीरांचंच आयुष्य घेऊ, कारण नाव मंत्रात नसलं तरी त्यांचा प्रवास मात्र याच ओळींमधून झालेला आहे.

तिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडलं आणि दीक्षा घेतली. पुढची बारा वर्षं आणि वर काही महिने ते फिरत राहिले, उपवास करत राहिले, मौनात राहिले. त्या काळात त्यांची जागा पाचव्या ओळीत होती. ते साधू होते. बेचाळिसाव्या वर्षी, ऋजुकूला किंवा ऋजुवालुका नावाच्या नदीकाठी, त्यांना केवलज्ञान, म्हणजे सगळं जाणणारं पूर्ण ज्ञान, झालं. त्या क्षणी ते पहिल्या ओळीत आले, अरिहंत झाले. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी उपदेश केला. बहात्तराव्या वर्षी, परंपरेच्या गणनेनुसार इसवी सनापूर्वी 527 मध्ये, आश्विन अमावास्येला पावापुरीत त्यांचं निर्वाण झालं. तेव्हापासून ते दुसऱ्या ओळीत आहेत, सिद्ध आहेत. जैनांची दिवाळी ही याच घटनेची आठवण आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत फरक काय, हे समजायला कर्मांचा थोडा हिशेब लागतो. जैन मतानुसार आत्म्याला आठ प्रकारची कर्मं चिकटलेली असतात. त्यातली चार 'घाती' आहेत, म्हणजे आत्म्याच्या स्वतःच्या गुणांचा घात करणारी. ज्ञानावरणीय कर्म ज्ञान झाकतं, दर्शनावरणीय कर्म दर्शन झाकतं, मोहनीय कर्म भुलवतं, राग-द्वेषात अडकवतं आणि अंतराय कर्म आत्म्याच्या शक्तीला आडवं येतं. ही चारही संपली की तो आत्मा अरिहंत. त्याला सगळं कळतं, आणि कशाबद्दलही ओढ किंवा तिटकारा उरत नाही.

पण शरीर अजून आहे. उरलेली चार 'अघाती' कर्मं शरीराशी निगडित असतात: सुखदुःखाची वेदना देणारं वेदनीय, किती जगायचं ते ठरवणारं आयुष्य, कसा देह मिळेल ते ठरवणारं नाम आणि कोणत्या कुळात जन्म होईल ते ठरवणारं गोत्र. आयुष्य संपताना ही चारही एकत्र संपतात. मग देह नाही, पुन्हा जन्म नाही. तो आत्मा लोकाच्या अगदी वरच्या टोकाला, सिद्धशिलेवर, कायमचा स्थिर होतो. हा सिद्ध. अरिहंत चालतात, बोलतात, शिकवतात. सिद्ध यातलं काहीच करत नाहीत.

इथे एक गल्लत फार होते. अरिहंत म्हणजे तीर्थंकर, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्येक तीर्थंकर अरिहंत असतोच, पण प्रत्येक अरिहंत तीर्थंकर नसतो. महावीरांचे पहिले गणधर, म्हणजे मुख्य शिष्य, इंद्रभूती गौतम यांचंच पाहा. परंपरा सांगते की महावीरांच्या निर्वाणाच्याच दिवशी त्यांना केवलज्ञान झालं, आणि पुढे बारा वर्षं ते केवली, म्हणजे केवलज्ञानी, म्हणून जगले. त्या बारा वर्षांत ते अरिहंत होते, तीर्थंकर कधीच नव्हते. तीर्थंकर तीर्थ स्थापतो, म्हणजे साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असा चतुर्विध संघ उभा करतो. ते काम एका कालचक्राच्या अर्ध्या फेऱ्यात चोवीस जणच करतात. पहिली ओळ मात्र केवलज्ञान झालेल्या सगळ्यांना सामावून घेते.

आता खरा अवघड प्रश्न. सिद्धांची आठही कर्मं संपलेली, अरिहंतांची चारच. मग सिद्ध मोठे. तरी मंत्रात अरिहंत आधी कसे?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलेला नाही आणि तुम्हीही नाही. बाराशे वर्षांपूर्वी आचार्य वीरसेनांनी तो स्वतःच उपस्थित करून सोडवला आहे. 'षट्खंडागम' या दिगंबर आगमग्रंथाची सुरुवातच णमोकार मंत्राने होते. त्यावर वीरसेनांनी 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. ती इसवी सन 816 मध्ये पूर्ण झाली असं मानतात. शतकानुशतकं ती मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंद होती. तिचा पहिला छापील खंड डॉ. हीरालाल जैन यांनी 1939 मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध केला, म्हणजे आपल्या विदर्भातून. या टीकेत वीरसेन म्हणतात त्याचा आशय असा: अरिहंत नसते तर आपल्याला आगम मिळाले नसते, आणि आगम नसते तर सिद्ध नावाचं काही असतं हेही आपल्याला कळलं नसतं. सिद्धांवरची श्रद्धा ज्यांच्यामुळे जन्मली, त्यांना आधी वंदन करण्यात दोष नाही.

मला या उत्तराचं मोल फार वाटतं. क्रम मोठेपणावर लावलेला नाही, उपकारावर लावलेला आहे. पोहोचलेल्यापेक्षा वाट दाखवणाऱ्याला आधी हात जोडायचे.

देवळात गेल्यावर हेच डोळ्यांना दिसतं. टेंभी नाक्याच्या जैन मंदिरात विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी आहेत. जैन मतानुसार ते आज सिद्ध आहेत. तरी मूर्ती त्यांच्या अरिहंत अवस्थेची आहे, कारण जिला आकार देता येईल अशी देहधारी अवस्था तीच. सिद्धांना देहच नाही, मग त्यांची मूर्ती कशी करणार? आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर मंदिरांत त्याची एक सुंदर तोड दिसते. धातूचा पत्रा घेऊन त्यातून उभ्या माणसाची आकृती कापून काढतात. उरते ती माणसाच्या आकाराची पोकळी, आणि आरपार मागचं दिसतं. ती सिद्धप्रतिमा.

तिसऱ्या ओळीपासून आपण आपल्यासारख्या माणसांत येतो. आचार्य, उपाध्याय आणि साधू हे तिघेही साधूच आहेत. महाव्रतं तिघांची सारखीच आहेत, केशलोच, म्हणजे हाताने केस उपटणं, आणि पायी विहार तिघांनाही आहे. वेगळी आहे ती संघातली जबाबदारी. आचार्य संघाचा नायक. पाच आचार, म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र, तप आणि वीर्य यांचे आचार, तो स्वतः पाळतो आणि संघाकडून पाळून घेतो. दीक्षा कुणाला द्यायची, चुकलेल्याला कोणतं प्रायश्चित्त द्यायचं, हे त्याच्या हातात असतं.

हे पद म्हणजे जबाबदारी, आत्म्याची पायरी नव्हे, हे समजून घ्यायला महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नव्याने बळ देणारे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोज भागातले. त्यांना आचार्यपद मिळालं ते 1924 मध्ये, सांगलीजवळच्या समडोळीत. 1955 मध्ये कुंथलगिरीला, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, त्यांनी सल्लेखना घेतली. अन्न सोडलं, देह हळूहळू सोडत गेले. त्याच काळात त्यांनी आचार्यपदही सोडलं आणि ते आपले शिष्य वीरसागर मुनींना दिलं. वीरसागर महाराज तेव्हा तिथे नव्हते, जयपूरला होते. त्यांच्याकडे तसा निरोप धाडला गेला. सप्टेंबरमध्ये महाराजांनी देह ठेवला.

मंत्राच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या दिवसांत ते तिसऱ्या ओळीतून पाचव्या ओळीत आले. त्यात काही कमी झालं नाही. संघ सांभाळायची काळजी डोक्यावर ठेवून शेवटची साधना होत नाही, म्हणून शास्त्रच सांगतं की आचार्याने समाधीच्या आधी पद दुसऱ्याकडे सोपवावं. तिसरी ओळ वरची आणि पाचवी खालची असं समजणाऱ्याने ही घटना जरूर आठवावी.

उपाध्यायांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यांचं काम सरळ आहे: शिकायचं आणि शिकवायचं. संघातल्या साधूंना ते आगम शिकवतात. दिगंबर परंपरेत अकरा अंगं आणि चौदा पूर्वं मिळून त्यांचे पंचवीस गुण मोजतात. हे ग्रंथ मूळ रूपात आज पूर्ण उपलब्ध नाहीत, पण मोजणी तीच राहिली आहे. शिक्षा करण्याचा किंवा दीक्षा देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. आणि तरीही त्यांना स्वतंत्र ओळ आहे. कारण छापखाने येण्याच्या कितीतरी आधी, लिहून ठेवण्याचीही पद्धत नव्हती तेव्हापासून, आगम तोंडपाठ करून पुढच्याच्या तोंडात घालणारे हेच होते.

आता पाचवी ओळ. आधीच्या चार ओळींपेक्षा ती लांब का? तिच्यात दोन जादा शब्द आहेत: 'लोए' म्हणजे लोकात आणि 'सव्व' म्हणजे सर्व. साधूंना सर्व म्हटलं, मग सर्व अरिहंत, सर्व सिद्ध असं का म्हटलं नाही? यावरही वीरसेनांचं उत्तर आहे. ते या दोन शब्दांना अंत्यदीपक म्हणतात. शेवटी ठेवलेला दिवा मागच्या सगळ्यांवर उजेड टाकतो, तसे हे शब्द मागच्या चारही ओळींना लागू करायचे: लोकातले सर्व अरिहंत, सर्व सिद्ध, सर्व आचार्य, सर्व उपाध्याय. त्यामुळे या नमस्कारात पंथ उरत नाही, प्रदेश उरत नाही, आणि काळही उरत नाही. आधी झालेले, आता असलेले, पुढे होणारे, सगळेच आले. साध्वीही याच ओळीत येतात. पावसाळ्यात ठाण्यात एखाद्या उपाश्रयात चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींना वंदन करणारी आजी मनात हीच ओळ म्हणत असते, मग त्या कोणत्याही गच्छाच्या, म्हणजे साधुसंघाच्या शाखेच्या, असोत.

एक शंका उरते. अरिहंत आणि सिद्ध वीतराग, म्हणजे राग-द्वेषाच्या पलीकडे, झालेले. बाकीचे तिघे अजून वाटेवर आहेत, त्यांच्यात दोष असू शकतात. त्यांना एकाच मंत्रात, एकाच 'णमो'ने वंदन कसं? वीरसेन म्हणतात, जे काम आगीचा लोळ करतो तेच काम ठिणगीही करते. सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र ही तीन रत्नं साधूत अंशाने असली तरी ती तीच रत्नं आहेत. वंदन त्या रत्नांना आहे.

या पाच ओळींनंतर बरेच जण आणखी एक गाथा म्हणतात:

एसो पंच णमोक्कारो, सव्वपावप्पणासणो
मंगलाणं च सव्वेसिं, पढमं हवइ मंगलं

हा पाचांना केलेला नमस्कार सर्व पापांचा नाश करणारा आहे आणि सगळ्या मंगलांमध्ये पहिलं मंगल आहे, असा तिचा अर्थ. हिला चूलिका म्हणतात. ही फलश्रुती आहे, मागणं नाही. संपूर्ण मंत्रात कुठेही 'मला दे' असं म्हटलेलं नाही, आणि म्हणता येणारही नाही. ज्यांचा राग-द्वेष संपला ते प्रसन्न होऊन काही देणार नाहीत आणि रागावून काही काढूनही घेणार नाहीत. मग पाप जातं कसं? नमस्कार करणाऱ्याच्या मनात त्या गुणांबद्दल आदर जागा होतो, क्रोध-लोभासारखे कषाय मंद होतात, आणि त्याने कर्म झडतं. जे होतं ते त्याच्या स्वतःच्या मनातल्या भावांमुळे होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा घर विकत घेताना एकशे आठ वेळा मंत्र जपून 'काम झालं पाहिजे' म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण मंत्राच्या शब्दांत त्याला आधार नाही, एवढं सांगायला हवं.

श्वेतांबर मंडळी चूलिकेसकट या मंत्राला नवकार म्हणतात, कारण मग त्याची नऊ पदं होतात. आम्ही दिगंबर बहुतेक वेळा पाच ओळींचा णमोकार म्हणतो. कुठे 'णमो' ऐकू येतं, कुठे 'नमो'. दोन्ही प्राकृतात चालतात, त्यावरून भांडण्यासारखं काही नाही. पाच ओळींची अक्षरं मोजली तर सात, पाच, सात, सात आणि नऊ, अशी एकूण 35 होतात, चूलिका धरून 68. ही मोजणी कामाची आहे. लहान मुलं पाचवी ओळ घाईत 'णमो लोसव्व साऊणं' अशी म्हणतात, तेव्हा बोटांवर नऊ अक्षरं मोजून घेतली की गाळलेलं 'ए' लगेच सापडतं.

मंत्र एवढा जुना म्हणजे किती जुना, असंही लोक विचारतात. दगडावर जे उरलंय ते सांगतो. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा इसवी सनापूर्वीचा लेख आहे. त्याच्या सुरुवातीला अरहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार आहे, पुढच्या तीन ओळी नाहीत. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या मावळात, पाले गावाजवळच्या लेण्यात एक छोटा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. लेणं आणि पाण्याचं टाकं, म्हणजे पोढी, करवल्याची ती नोंद आहे. तिची सुरुवात 'नमो अरहंतानं' या एकाच ओळीने होते आणि त्यावरूनच तो लेख जैन मानला जातो. यावरून अभ्यासकांना वाटतं की मंत्राचं पाच ओळींचं रूप हळूहळू पक्कं झालं असावं. परंपरा मात्र तो अनादी मानते. दोन्ही बाजू एकमेकींना धक्का न लावता राहू शकतात: शब्दांची मांडणी कधीतरी झाली असेल, पण वंदनीय अवस्था त्याआधीपासून होत्याच.

ठाण्यात राहणाऱ्यांना हा मंत्र ताटात वाढलेलाही पाहायला मिळतो. चैत्रात आणि आश्विनात शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत श्वेतांबरांची नवपदाची, म्हणजे हे पाच परमेष्ठी आणि चार गुण यांची, ओळी नावाची तपश्चर्या असते. श्रीपाळ राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी ती जोडलेली आहे, आणि त्या कथेत समुद्रात ढकललेला श्रीपाळ सुखरूप किनाऱ्याला लागतो तो कोकणातल्या ठाण्याला. त्यामुळे टेंभी नाक्याच्या मंदिराला 'कोकण शत्रुंजय' म्हणून मान आहे आणि नवपदाचं तिथे विशेष महत्त्व आहे. ओळीचे नऊ दिवस आयंबिल करतात: दिवसातून एकदाच जेवण, आणि त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण काही नाही. नुसतं शिजवलेलं धान्य आणि उकळलेलं पाणी. जे एकधान्याचं आयंबिल करतात, ते त्या दिवसाच्या पदाच्या रंगाचं धान्य घेतात. अरिहंतांचा रंग पांढरा, म्हणून पहिल्या दिवशी तांदूळ. सिद्धांचा लाल, म्हणून गहू. आचार्यांचा पिवळा, चणे किंवा चणाडाळ. उपाध्यायांचा हिरवा, मूग. साधूंचा काळा, उडीद. शेवटचे चार दिवस दर्शन, ज्ञान, चारित्र आणि तप या गुणांचे, रंग पांढरा, पुन्हा तांदूळ. जैन ध्वजातले पाच पट्टे हेच पाच रंग आहेत.

सिद्धचक्राच्या यंत्रात, म्हणजे या नवपदांच्या पूजेच्या आकृतीत, यांच्या जागाही ठरलेल्या असतात. मधोमध अरिहंत, त्यांच्या वर सिद्ध, मग उजवीकडून फिरत गेलं की आचार्य, खाली उपाध्याय, डावीकडे साधू, आणि कोपऱ्यांत ते चार गुण. वर वीरसेनांचा जो मुद्दा सांगितला, तो इथे दुसऱ्या परंपरेत, चित्रातून आलेला आहे: आठही कर्मं संपवलेले सिद्ध वर आहेत, पण केंद्रात शिकवणारे अरिहंत आहेत.

रोज म्हणायचा तर कसा म्हणायचा, याची आमच्याकडची एक जुनी रीत आहे. एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास. श्वास घेताना 'णमो अरिहंताणं', सोडताना 'णमो सिद्धाणं'. घेताना 'णमो आयरियाणं', सोडताना 'णमो उवज्झायाणं'. घेताना 'णमो लोए', सोडताना 'सव्वसाहूणं'. कायोत्सर्गात, म्हणजे देहाची ममता सोडून निश्चल, उभं राहून असा मंत्र नऊ वेळा म्हटला की सत्तावीस श्वासोच्छ्वास होतात. घाई करणाऱ्याचे श्वास आणि ओळी तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून जुळेनाशा होतात, तेव्हा थांबून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं.